तपासनीस वेगळा हवा

सोसायटीच्या वार्षिक सभेचं वीस पानी इतिवृत्त एका पानात आणायचं आहे. एकाच चॅटबॉटला ‘लिही आणि तपास’ सांगितलं, तर तो बरेचदा स्वतःच्याच मसुद्याला पसंती देऊन मोकळा होतो. म्हणून कामं वाटावीत. नियोजक ठराव आणि रकमांची यादी काढतो, लेखक त्यावरून मजकूर लिहितो. तपासनिसासाठी मात्र नवं संभाषण उघडावं. त्याला फक्त मूळ इतिवृत्त आणि मसुदा द्यावा, प्रत्येक रकमेसमोर मूळ वाक्य मागावं आणि सुटलेले ठराव विचारावेत. नियोजकाची यादी त्याला दाखवू नये, नाहीतर यादीतली चूक तोही खरी धरतो. दोन ओळींच्या निमंत्रणासाठी हा खटाटोप कशाला? तिथे एकच सूचना पुरते.