गाडी विकली तरी बोनस तुमचाच

तलासरी : मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या पट्ट्यातील झरी आणि परिसरात जुनी गाडी विकून नवी घेताना व्यवहार बहुधा किमतीभोवती फिरतो. ग्राहक गुजरातेतील असो वा डहाणूचा, भाव ठरला, कागद दिले की विषय संपला, असे मानले जाते. मात्र या घाईत विकणाऱ्याची एक कमाई अनेकदा मागेच राहते. ती म्हणजे 'नो क्लेम बोनस'.

वर्षभरात विमा कंपनीकडे नुकसानभरपाईचा दावा केला नाही, तर पुढील वर्षी हप्त्यात मिळणारी सवलत म्हणजे हा बोनस. पहिल्या दावामुक्त वर्षानंतर तो 20 टक्के असतो. त्यानंतर ओळीने 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50 टक्के होतो. त्यापुढे वाढ नाही. एक दावा केला, की पुढील नूतनीकरणात तो सर्वसाधारणपणे शून्यावर येतो. ही सवलत हप्त्याच्या केवळ 'ओन डॅमेज' भागावर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर मिळते. कायद्याने सक्तीच्या 'थर्ड पार्टी' हप्त्यावर ती लागू नाही. त्यामुळे 50 टक्के बोनस म्हणजे एकूण हप्ता निम्मा, हा समज चुकीचा आहे.

सर्वांत महत्त्वाची बाब ही, की बोनस गाडीचा नसून विमाधारकाचा असतो. गाडी विकली तरी तो खरेदीदाराकडे जात नाही. खरेदीदाराने जुनी पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घेतली, तर उरलेल्या मुदतीपुरता बोनसचा फरक त्याला भरावा लागतो. अपवाद वारसाचा. विमाधारकाच्या निधनानंतर गाडी पती-पत्नी, मुले किंवा आई-वडील यांच्याकडे गेली, तर बोनसही त्यांना मिळू शकतो.

समजा, झरी येथील एका शिक्षकाने पाच वर्षे एकही दावा केला नाही. त्यांच्या जुन्या गाडीचा 'ओन डॅमेज' हप्ता 8,000 रुपये होता, तो बोनसमुळे 4,000 रुपयांवर आला. ती गाडी त्यांनी उंबरगावच्या ग्राहकाला विकली. नव्या गाडीचा तोच हप्ता 20,000 रुपये असेल, तर 50 टक्के बोनसमुळे 10,000 रुपये वाचतील. म्हणजे जुन्या गाडीवर 4,000 रुपयांचा असलेला बोनस नव्या गाडीवर 10,000 रुपयांचा ठरतो.

यासाठी त्यांनी जुन्या विमा कंपनीकडे गाडी विकल्याचा पुरावा द्यावा. 'फॉर्म 29'ची प्रत किंवा नव्या मालकाच्या नावे झालेली नोंदणी हा तो पुरावा होय. त्यावर कंपनी बोनस राखून ठेवल्याचे पत्र देते. हे पत्र नव्या गाडीचा विमा उतरवतानाच सादर करावे. नवी गाडी लगेच घ्यायची नसेल तरी चालते. जुन्या विम्याची मुदत संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नवा विमा घेतल्यास बोनस कायम राहतो. मात्र वाहनाचा प्रकार तोच हवा. दुचाकीचा बोनस मोटारीला लागत नाही. जुनी गाडी न विकता दुसरी घेतली, तर दुसरीचा बोनस शून्यापासूनच सुरू होतो.

गाडी तीच ठेवून केवळ विमा कंपनी बदलली, तरीही बोनस जात नाही. नव्या कंपनीला नूतनीकरणाची नोटीस किंवा जुन्या कंपनीचे पत्र द्यावे लागते. ते नसल्यास बोनसचा दर आणि दावा न केल्याचे लेखी जाहीर करावे लागते. त्याची खातरजमा नवी कंपनी जुन्या कंपनीकडून करते. मात्र पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर चालत्या गाडीवरील साठलेला बोनस बुडतो.

धोका आहे तो नेमका या जाहीरनाम्यात. हप्ता कमी दिसावा म्हणून एखादा एजंट, मागील वर्षी दावा झालेला असतानाही, अर्जात बोनस लिहून टाकतो आणि ग्राहक न वाचता सही करतो. त्या वेळी दोन-तीन हजार रुपये वाचतात. पुढे महामार्गावर अपघात झाला, की कंपनी जुनी नोंद तपासते आणि माहिती खोटी असल्याचे कारण देऊन गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारू शकते. अशा वेळी लाखाचा खर्च मालकाच्या माथी पडतो.

त्यामुळे पॉलिसी हाती येताच त्यावरील बोनसचा आकडा पाहावा. तो मागील वर्षाच्या दाव्याशी जुळत नसेल, तर कंपनीला लगेच लेखी कळवून फरकाची रक्कम भरावी. आणि जुन्या गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तिच्या चालू पॉलिसीची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. बोनसचे पत्र मागताना तीच कामी येते.