अ‍ॅपवर सही कोणाची?

नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस जगभरातल्या कितीतरी अँड्रॉइड टीव्हींवर अचानक एक इशारा झळकला: 'स्मार्टट्यूब' हे अ‍ॅप धोकादायक आहे, म्हणून ते बंद करण्यात आलं आहे. यूट्यूबचे व्हिडिओ जाहिरातींशिवाय दाखवणारं हे अ‍ॅप. यूट्यूबच्या अटींत ते बसत नसल्याने गुगलच्या प्ले स्टोअरवर ते मिळत नाही. ज्याला हवं त्याने इंटरनेटवरून उतरवून स्वतःच टीव्हीवर चढवायचं. पण ते कुठल्या भुरट्या माणसाने बनवलेलं नव्हतं. त्याचा कोड कोणालाही वाचता येईल असा खुला होता, निर्माता ठाऊक होता आणि अनेक वर्षं ते व्यवस्थित चाललेलं होतं. बाहेरचं अ‍ॅप घ्यायचंच असेल तर यासारखं घ्या, असं जाणती माणसं सांगत. तरीही त्यात नको ते शिरलं. कसं शिरलं, हे नीट समजून घेतलं तर बाहेरून अ‍ॅप घालण्यातला धोका नेमका कुठे असतो ते कळतं.

मुळात लोक स्टोअरच्या बाहेर जातातच का? फुकट क्रिकेट हे एक कारण आहेच, पण ते एकच नाही. टीव्हीवरचं प्ले स्टोअर आणि फोनवरचं प्ले स्टोअर सारखं नसतं. हे अ‍ॅप टचस्क्रीनशिवाय चालतं आणि टीव्हीच्या मुख्य पडद्यावर त्याचं चिन्ह दिसेल, असं निर्मात्याने अ‍ॅपमध्येच नमूद करावं लागतं. ते केलेलं नसेल तर टीव्हीच्या स्टोअरमध्ये ते अ‍ॅप सापडतच नाही. त्यामुळे फोनवर रोज वापरलेलं एखाद्या वाहिनीचं किंवा भजन-कीर्तनाचं अ‍ॅप टीव्हीवर शोधलं की मिळत नाही आणि माणूस त्याची एपीके फाइल शोधायला लागतो. एपीके म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची बांधून तयार केलेली फाइल. ती उघडली की अ‍ॅप बसतं.

बसवण्याची रीत सोपी आहे. टीव्हीच्या प्ले स्टोअरमधून 'डाउनलोडर'सारखं एखादं अ‍ॅप घ्यायचं, त्यात एपीकेचा पत्ता टाकायचा. फाइल उतरली की टीव्ही अडवतो आणि सेटिंग्जमध्ये जायला सांगतो. तिथे Security & restrictions या भागात Unknown sources अशी ओळ असते. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, ही परवानगी सरसकट दिली जात नाही. कुठल्या अ‍ॅपला बाहेरची अ‍ॅप्स बसवू द्यायची ते एकेका अ‍ॅपसमोर ठरवावं लागतं. डाउनलोडरला परवानगी दिली की तो पुढे कधीही बसवण्याचा प्रस्ताव तुमच्यापुढे ठेवू शकतो. बहुतेक घरांत ही परवानगी एकदा दिली जाते आणि नंतर कोणी तिच्याकडे फिरकत नाही.

इतकं करूनही अ‍ॅप चालेलच असं नाही. अनेक टीव्हींमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी त्यावरची प्रणाली ३२ बिटची असते. ६४ बिटची एपीके तिथे बसतच नाही. 'App not installed' एवढंच दिसतं आणि कारण कळत नाही. बसलंच, तर फोनसाठी बनवलेल्या अ‍ॅपचं चिन्ह मुख्य पडद्यावर दिसत नाही, रिमोटच्या बाणांनी बटणं निवडता येत नाहीत. मग माणूस दुसरी एपीके शोधतो, ती तिसऱ्याच संकेतस्थळावरून घेतो, आणि प्रत्येक वेळी त्याची सावधगिरी थोडी कमी होत जाते. माझ्या मते बाहेरच्या अ‍ॅपचा पहिला धोका इथे सुरू होतो. एक फाइल चालली नाही म्हणून घेतलेल्या पुढच्या फाइलकडे कोणी तितक्या बारकाईने पाहत नाही.

आता सहीविषयी. प्रत्येक एपीकेवर निर्मात्याची डिजिटल सही असते. ती करण्याची गुप्त किल्ली फक्त त्याच्याकडे असते. टीव्हीवर आधी बसलेल्या अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की अँड्रॉइड एवढंच बघतं, की दोन्हींवर सही एकाच किल्लीची आहे ना? असेल तर नवी आवृत्ती जुनीवर चढते, नसेल तर नाकारली जाते. त्यामुळे कोणी तुमच्या अ‍ॅपच्या नावाने बनावट अपडेट पाठवलं तर ते बसत नाही. पण या व्यवस्थेला एक मर्यादा आहे. निर्माता चांगला आहे की वाईट, हे सही सांगत नाही. आधी ज्याने सही केली होती त्याच्याच किल्लीने आताही केली आहे, एवढंच ती सांगते.

स्मार्टट्यूबच्या बाबतीत नेमकं इथेच बिनसलं. ज्या संगणकावर अ‍ॅप तयार होत होतं तोच घातक सॉफ्टवेअरने बाधित झाला होता. निर्मात्याने स्वतः सांगितलं की सहीची किल्ली उघडी पडली आहे. काही आवृत्त्यांमध्ये `libalphasdk.so` नावाचा एक भाग आढळला, जो जाहीर केलेल्या कोडमध्ये कुठेच नव्हता. तो वापरणाऱ्याला न विचारता पडद्यामागे चालत होता, यंत्राची ओळख दूरच्या सर्व्हरला कळवत होता आणि तिथून सूचना घेऊ शकत होता. त्याने कोणाची खाती लुटल्याचा पुरावा पुढे आला नाही. पण दार उघडं होतं, आणि तिथून काय आत आणायचं ते दुसऱ्याच कोणाच्या हाती होतं.

ज्यांनी अ‍ॅप अधिकृत पानावरूनच घेतलं, तेही यात सापडले. त्यांनी सही तपासली असती तरी ती अस्सलच निघाली असती. धोका पकडला तो टीव्हीतल्या प्ले प्रोटेक्टने. ही गुगलची तपासणी बाहेरून आलेल्या अ‍ॅपचीही होते. निर्मात्याने जुनी सही रद्द केली आणि नव्या किल्लीने, नव्या ओळखीने अ‍ॅप पुन्हा काढलं. किल्ली बदलल्याने ते जुन्यावर चढू शकत नव्हतं. जुनं काढून टाकूनच नवं बसवावं लागलं. हा त्रास म्हणजे सहीची व्यवस्था नीट काम करत असल्याची खूण होती.

इतक्या प्रामाणिक अ‍ॅपचं असं होतं, तर 'सगळे सामने फुकट' म्हणणाऱ्या एपीकेचं काय? तिचा निर्माता अनोळखी, कोड बंद, आणि पैसे कुठून मिळतात याचा पत्ता नाही. २०२३च्या सप्टेंबरमध्ये रशियातल्या डॉक्टर वेब या कंपनीने 'पँडोरा' नावाचा प्रकार उघडकीला आणला. स्पॅनिश भाषक प्रेक्षकांना चोरटे चित्रपट आणि वाहिन्या दाखवणाऱ्या अ‍ॅप्सबरोबर तो टीव्ही बॉक्समध्ये शिरत होता आणि त्या बॉक्सना इतरांच्या सर्व्हरवर हल्ले करायला जुंपत होता. आपल्या भाषेतल्या वाहिन्यांसाठी परदेशात असे बॉक्स घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण सावज हेरण्याची रीत तीच आहे: घरची भाषा, थोडे पैसे, सगळ्या वाहिन्या.

"माझ्या टीव्हीत चोरण्यासारखं आहे काय?" असं अनेकजण विचारतात. चोरायचं असतं ते तुमचं इंटरनेट. अँड्रॉइडमध्ये कॅमेरा, माइक, फोटो यांसाठी अ‍ॅपला परवानगी मागावी लागते. इंटरनेट वापरण्यासाठी मात्र ते तुम्हाला काहीच विचारत नाही. ती परवानगी अ‍ॅप बसतानाच मिळते. टीव्ही सुरू झाल्यावर आपोआप जागं होण्याचीही तशीच. एवढ्या दोन गोष्टींवर एक मोठा धंदा उभा आहे. तुमच्या घरच्या जोडणीतून परक्याची रहदारी फिरवायची आणि ती वाट भाड्याने द्यायची. ती वापरून कोणी फसवणूक केली, तर समोरच्याच्या नोंदीत पत्ता तुमच्या घराचा उमटतो. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला तो याच कारणासाठी. काही बॉक्स कारखान्यातूनच बाधित येतात, तर काही पहिल्यांदा सुरू करताना भलतं अ‍ॅप उतरवायला लावून बाधित होतात, असं त्यात म्हटलं होतं. प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणारं यंत्र ही त्यांनी दिलेली एक ठळक खूण आहे. अ‍ॅपच्या बाबतीतही मी तीच कसोटी लावते. 'आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा' असं बसवण्याच्या सूचनांत लिहिलेलं असेल तर तिथेच थांबावं.

आणखी एक वाट विसरली जाते. काही मार्गदर्शक व्हिडिओ संगणकावरून एपीके चढवायला शिकवतात. त्यासाठी टीव्हीच्या बिल्ड नंबरवर सात वेळा क्लिक करून डेव्हलपर पर्याय उघडतात, डिबगिंग सुरू करतात आणि संगणकावरून अशी आज्ञा देतात:

```
adb connect 192.168.1.20:5555
adb install app.apk
```

चांगल्या टीव्हीवर अशा वेळी पडद्यावर 'या संगणकाला परवानगी द्यायची का?' असा प्रश्न येतो. अनेक स्वस्त बॉक्स तो विचारतच नाहीत. मग घरातलं दुसरं कोणतंही बाधित यंत्र ५५५५ या पोर्टवरून आत येऊ शकतं. २०१८मध्ये याच वाटेने एक किडा टीव्ही बॉक्समधून पसरला आणि त्यांच्याकडून आभासी चलन काढून घेऊ लागला. अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्हीवर तो Test नावाच्या अ‍ॅपच्या रूपात दिसे, हिरव्या अँड्रॉइड चिन्हासह. व्हिडिओ अडखळत, यंत्र तापे, आणि लोक इंटरनेटला दोष देत.

बाधा झाल्याचा संशय कशावरून घ्यावा? अ‍ॅप्सच्या पूर्ण यादीत आपण न बसवलेलं नाव दिसणं, टीव्ही नुसता स्टँडबायवर असताना गरम लागणं, आणि राउटरच्या पानावर टीव्हीच्या नावासमोर अपलोडचा आकडा फुगलेला असणं. टीव्ही मुख्यतः डाउनलोड करतो. तो भरमसाठ अपलोड करत असेल तर चौकशी करावी. अ‍ॅप काढून टाकल्यावरही हे थांबलं नाही, तर टीव्ही फॅक्टरी रीसेट करावा आणि त्यावर वापरलेल्या गुगल खात्याचा पासवर्ड फोनवरून बदलावा. बाधा कारखान्यातूनच आलेली असेल तर रीसेटने ती जात नाही. तो बॉक्स इंटरनेटपासून तोडणं एवढंच उरतं.

बाहेरचं अ‍ॅप कधीच घेऊ नये असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या टीव्हीवर काय चालवायचं ते ठरवण्याचा हक्क मला मोलाचा वाटतो, आणि खुल्या कोडची कितीतरी चांगली अ‍ॅप्स याच वाटेने घरात येतात. पण ती घेताना निर्मात्याच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या, टीव्हीला बँकेशी किंवा कामाशी जोडलेलं खातं देऊ नका, त्यासाठी वेगळं खातं उघडा. अ‍ॅप बसलं की त्याच बैठकीत Unknown sourcesमध्ये जाऊन दिलेली परवानगी काढून घ्या आणि डिबगिंग बंद करा. गावाकडे आईवडिलांच्या टीव्हीवर तुम्ही सुट्टीत एखादी एपीके घालून आला असाल, तर पुढच्या खेपेला आधी तिथलं प्ले प्रोटेक्ट चालू आहे का ते पाहा.