परत आलेला बूट कुठे ठेवायचा?

भिवंडीच्या गोदामांत ऑनलाइन विकलेला माल परतही येतो. तो हाताळण्याच्या लेखी कार्यपद्धतीत अनेकदा एक वाक्य सापडतं: ‘माल नीट तपासावा.’ गडबड तिथेच होते. नवा कामगार ‘नीट’ म्हणजे काय ते स्वतःच ठरवतो. मग एकच बूट सकाळच्या पाळीत विक्रीला जातो आणि रात्रीच्या पाळीत भंगारात.

चांगली कार्यपद्धती डोळ्यांना दिसेल तेच विचारते. आधी परतीच्या पावतीवरचा बारकोड स्कॅन करा. मग खोक्यावरचा साइज आणि बुटाच्या जिभेवरचा साइज जुळतो का पाहा. दोन्ही तळवे उलटे करा: माती किंवा घासल्याची खूण दिसली, तर माल पुन्हा नवा म्हणून विकायचा नाही. तळवा स्वच्छ, पण खोकं फाटलेलं असेल, तर फक्त खोकं बदला. शंका आली तर लाल ट्रे आणि सुपरवायझर, अंदाज नाही. शेजारी डागाळलेल्या तळव्याचा फोटो हवाच, कारण शब्दांपेक्षा तो लवकर समजतो.

लिहून झालं की दोन नव्या कामगारांना तेच दहा जोड वेगवेगळे तपासायला द्यावेत. जिथे त्यांची उत्तरं जुळत नाहीत, तिथे कामगारांना दोष न देता ती ओळ पुन्हा लिहावी.