चित्र फुकट, मग पैसे कशाचे?

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप दाटीने उभे आहेत, आणि येळ्ळूरची कितीतरी माणसं तिथे कामाला जातात. अशाच एखाद्या फाउंड्रीचा क्वालिटी विभाग डोळ्यांसमोर आणा. माणसं सहा. एकजण डॅशबोर्ड बनवणार, बाकीचे पाच बघणार. कोणत्या हीटमध्ये किती कास्टिंग रिजेक्ट झाली, ब्लोहोलमुळे किती, कोल्ड शटमुळे किती, हे रोज पडद्यावर दिसायला हवं. मॅनेजमेंट विचारतं, 'फुकट सॉफ्टवेअर असताना लायसन्स कशाला?' प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर थक्क करणारं आहे.

पॉवर बीआय डेस्कटॉप हे मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर विंडोजच्या कोणत्याही बऱ्या कॉम्प्युटरवर फुकट चालतं. ते अर्धवट किंवा नमुन्यापुरतंही नाही. त्याच्या आतलं इंजिन काय करतं पाहा. समजा वर्षभरात रिजेक्शनच्या चाळीस हजार नोंदी झाल्या. प्रत्येक ओळीत 'blowhole' असं लिहिलं, तर आठ अक्षरांचे आठ बाइट, म्हणजे एकूण तीन लाख वीस हजार बाइट. इंजिन माहिती ओळींनी साठवतच नाही, रकान्यांनी साठवतं. कारणं चारच असतील, तर त्यांची छोटी यादी करून प्रत्येकाला एक क्रमांक देतं. चार क्रमांकांना दोन बिट पुरतात. चाळीस हजार नोंदींचा तो अख्खा रकाना जेमतेम दहा हजार बाइटांत बसतो! सारखी कारणं सलग आली, तर 'हेच इतक्या वेळा' एवढीच नोंद उरते. ही सगळी करामत एक पैसा न देता मिळते.

मग पैसे कुठे लागतात? दुसऱ्याला दाखवताना. फुकट खात्यावर रिपोर्ट फक्त तुमच्या स्वतःच्या जागेत चढतो. सहकाऱ्यांना तो इंटरनेटवर बघू द्यायचा, तर बनवणाऱ्याला प्रो लायसन्स लागतं आणि नुसतं बघणाऱ्यालाही लागतं. इथेच बहुतेक अर्ज चुकतात: एकच लायसन्स मागितलं जातं आणि मंजुरीनंतर पाच माणसांसमोर कुलूप येतं. एप्रिल 2025 पासून प्रोचा अमेरिकेतला जाहीर दर माणशी महिना 14 डॉलर आहे. सहाजणांचे 84, वर्षाचे 1008, शिवाय कर. अर्जात हाच आकडा लिहा.

काहीजण पळवाट शोधतात. फाइलच मेलने पाठवतात, मग मीटिंगमध्ये दोघांच्या लॅपटॉपवर रिजेक्शनची दोन वेगळी टक्केवारी निघते. प्रती जुन्या झाल्याची ही पक्की खूण. 'पब्लिश टू वेब' तर त्याहून धोक्याचं, कारण ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो लॉगिन न करता सगळं पाहू शकतो, ग्राहकाचे पार्ट नंबरसुद्धा.

आता गूगलचं लुकर स्टुडिओ. ते फुकट आहे आणि गूगल खात्यावर नेमक्या माणसांना दाखवताही येतं. नोंदी गूगल शीटमध्ये भरत असाल, तर चाळीस हजार ओळी तिला मुळीच जड नाहीत, एका शीटमध्ये एक कोटी खाने मावतात. मग पैसे मागूच नका.

पण नोंदी कारखान्यातल्या सर्व्हरवर असतील तर? लुकर स्टुडिओला तिथपर्यंत पोचायला सहसा बाहेरून आत येणारा रस्ता उघडून द्यावा लागतो. पॉवर बीआयचा गेटवे उलटं करतो, आणि मला यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट हीच वाटते. तो कारखान्यातल्याच एका कॉम्प्युटरवर बसतो आणि स्वतः बाहेर संपर्क साधून 'काही काम आहे का?' विचारतो. काम असलं की आतला डेटा वाचून पाठवतो. घरातल्या माणसाने बाहेर जाऊन निरोप आणावा आणि दाराची कडी आतूनच राहावी, तसं. गेटवेला वेगळे पैसे नाहीत. अट एकच, तो कॉम्प्युटर चालू हवा. वीज गेली आणि तो बंद पडला, तर पडद्यावर कालचेच आकडे दिसत राहतात. म्हणून शेवटच्या रिफ्रेशची वेळ रिपोर्टवर ठळक दाखवा आणि यूपीएस अर्जातच मागा.

प्रोहून महाग, माणशी महिना 24 डॉलरचा प्रकार घ्यायचा का? प्रोमध्ये एका मॉडेलला एक जीबी जागा मिळते, आणि आपला तो रकाना दहा हजार बाइटांचा! रिफ्रेश दिवसाला आठ वेळा होतो, म्हणजे दर तीन तासांनी. तीन पाळ्यांच्या कारखान्याला तेवढं पुरतं.

तेव्हा सर्व्हर असेल, तर सहा प्रो मागा, पण आधी साठ दिवसांची फुकट चाचणी घ्या. रिपोर्ट कोण उघडतं, याची नोंद पॉवर बीआय स्वतःच ठेवतं. जो उघडतच नाही, त्याचं नाव अर्जातून काढा आणि मॅनेजमेंटला उरलेल्यांचाच आकडा द्या.