सहीपूर्वीचे चार रकाने

कर्जाच्या कागदपत्रांत एनएसीएच मँडेटचे एक पान असते. त्यावरील सहीमुळे कर्ज देणाऱ्या संस्थेस खात्यातून परस्पर रक्कम वळती करून घेता येते.

समजा, दुकानाच्या कर्जाचा मासिक हप्ता १८,४५० रुपये आहे आणि ५ एप्रिल २०२६ पासून असे ३६ हप्ते भरावयाचे आहेत. मँडेटवर ‘कमाल रक्कम’ या पर्यायापुढे ४०,००० लिहिले असेल, तर त्या मर्यादेपर्यंतची कोणतीही रक्कम मागता येते. थकबाकी वा दंडासाठी मर्यादा वाढवून ठेवतात. तिचे कारण विचारून घ्यावे. वारंवारितेच्या रकान्यात ‘दरमहा’ असावे. ‘मागणी येईल तेव्हा’ यावर खूण असल्यास एकाच महिन्यात पुन्हा मागणी येऊ शकते.

शेवटचा हप्ता ५ मार्च २०२९ चा. समाप्तीची तारीख याच्याशी ताडून पाहावी. ती फार पुढची असल्यास कर्ज फिटल्यावरही मँडेट जिवंत राहते आणि ते स्वतः रद्द करून घ्यावे लागते.

खाते पेढीचे चालू की घरचे बचत, हेही पाहावे. चुकीच्या खात्यात शिल्लक अपुरी पडली, तर हप्ता परत जातो आणि बँक व कर्जदाती संस्था दोघांचेही शुल्क भरावे लागते.

कोऱ्या रकान्यांखाली सही करू नये. भरलेल्या पानाची प्रत जपून ठेवावी.