तोडायचे कुठवर? मोठ्या संख्यांच्या गुणाकाराचा हिशेब

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आज शाळा-कॉलेजांत सर्रास शिकवली जाते. तिच्यात दोन हजार अंकी दोन संख्या टाइप करून गुणायला सांगितल्या, की उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर येते. हे काम पडद्यामागे करणाऱ्या सी भाषेतल्या फाइलमध्ये या दोन ओळी आहेत:

```
#define KARATSUBA_CUTOFF 70
#define KARATSUBA_SQUARE_CUTOFF (2 * KARATSUBA_CUTOFF)
```

संख्या ७० घरांपर्यंतची असेल तर शाळेतल्या रीतीने गुणा, त्याहून मोठी असेल तर तिचे तुकडे करा, असा पहिल्या ओळीचा व्यवहारातला अर्थ. हा आकडा ७०च का आणि शून्य का नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना सगळा विषय उलगडतो.

आधी ‘घर’ म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा प्रोसेसर एका दमात साधारण १९-२० अंकांपर्यंतचीच संख्या हाताळतो. त्याहून मोठी संख्या ॲरेमध्ये, म्हणजे ओळीने मांडलेल्या घरांमध्ये, तुकड्यातुकड्याने ठेवावी लागते. समजायला सोपे जावे म्हणून इथे एका घरात एकच अंक आहे असे धरू. चार अंकी संख्येला चार घरे, हजार अंकी संख्येला हजार. शाळेतल्या रीतीत खालच्या संख्येचा प्रत्येक अंक वरच्या प्रत्येक अंकाशी गुणला जातो, हातचा पुढे सरकतो आणि शेवटी सगळ्या ओळींची बेरीज होते. चार घरांना १६ छोटे गुणाकार लागतात, हजार घरांना दहा लाख. संख्येची लांबी दुप्पट झाली की काम चौपट होते.

याहून कमी कष्टात गुणाकार होणारच नाही, असे आंद्रेई कोल्मोगोरोव यांच्यासारख्या थोर रशियन गणितज्ञाला वाटत होते. माणूस हजारो वर्षे गुणाकार करत आला आहे. सोपी वाट असती तर आजवर कुणाला तरी सापडली असती, असा त्यांचा युक्तिवाद. १९६० साली मॉस्को विद्यापीठातल्या आपल्या चर्चासत्रात त्यांनी हा अंदाज मांडला. श्रोत्यांत २३ वर्षांचा अनातोली करात्सुबा होता. आठवड्याभरातच तो कोल्मोगोरोव यांच्याकडे नवी रीत घेऊन गेला आणि अंदाज खोटा ठरला. कोल्मोगोरोव यांनी पुढच्या बैठकीत ती रीत स्वतः सगळ्यांना समजावून सांगितली. १९६२ साली सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात करात्सुबा आणि युरी ओफमान यांच्या नावाने त्याविषयीचा लेख आला. तो लिहिला होता कोल्मोगोरोव यांनीच. करात्सुबाला त्याचा पत्ता लागला तो छापील प्रती हातात पडल्यावर. आपला अंदाज मोडणाऱ्या विद्यार्थ्याचे काम स्वतः लिहून त्याच्या नावावर छापणे, हा मोठेपणा नोंदवण्याजोगा आहे.

ती रीत एका उदाहरणावर पाहू: ४८२७ गुणिले ३१६९. दोन्ही संख्या मधोमध तोडायच्या. पहिलीचे ४८ आणि २७, दुसरीचे ३१ आणि ६९. सरळ विचार केला तर या तुकड्यांचे चार गुणाकार लागतात: ४८ × ३१, ४८ × ६९, २७ × ३१ आणि २७ × ६९. पण नुसते असे तोडून काही वाचत नाही, कारण अर्ध्या लांबीचे चार गुणाकार म्हणजे तेवढेच काम. करात्सुबाने पाहिले, की मधले दोन गुणाकार वेगवेगळे कळण्याची गरजच नाही. उत्तरात त्यांची बेरीज तेवढी लागते, आणि ती बेरीज एकाच गुणाकारातून काढता येते.

४८ × ३१ = १४८८ आणि २७ × ६९ = १८६३, हे दोन गुणाकार करायचेच. तिसऱ्यासाठी तुकड्यांच्या बेरजा घ्यायच्या: ४८ + २७ = ७५ आणि ३१ + ६९ = १००. त्यांचा गुणाकार ७५००. त्यातून आधीचे दोन्ही वजा केले की ७५०० − १४८८ − १८६३ = ४१४९. हीच ती मधली बेरीज. आता १४८८ वर चार शून्ये, ४१४९ वर दोन शून्ये, १८६३ तसेच; सगळे मिळवले की १,५२,९६,७६३. चाराऐवजी तीन गुणाकारांत काम झाले. तुकडे मोठे असले तर त्यांचेही असेच तुकडे करायचे, मग त्या तुकड्यांचेही. यालाच रिकर्शन म्हणतात. या रीतीत लांबी दुप्पट झाली की काम चौपट न होता मोठ्या संख्यांसाठी जवळपास तिप्पटच होते.

मग शेवटच्या अंकापर्यंत तोडत का जाऊ नये? कारण वाचवलेल्या एका गुणाकाराची किंमत बेरजा-वजाबाक्यांत मोजावी लागते. संख्येला न घरे असतील तर तुकड्यांच्या दोन बेरजांत साधारण न घरे जातात, दोन वजाबाक्यांत २न आणि मधला भाग मिळवण्यात आणखी न. म्हणजे एकदा तोडण्याचा खर्च ४न. घराची बेरीज आणि घराचा गुणाकार यांना सारखाच वेळ लागतो असे धरून हिशेब करू. आठ घरांना शाळेच्या रीतीने ६४ क्रिया लागतात. एकदा तोडले तर गुणाकार ४८ वर येतात, पण बेरजांच्या ३२ मिळून एकूण ८० होतात. उलट तोटाच. सोळा घरांना दोन्हीकडे बरोबर २५६. बत्तीस घरांना १०२४ विरुद्ध ८९६, म्हणजे इथून फायदा सुरू.

हाच हिशेब १०२४ घरांच्या दोन संख्यांना लावला तर चित्र अधिक बोलके होते. शाळेच्या रीतीने साडेदहा लाखांच्या आसपास क्रिया लागतात. एकेका अंकापर्यंत तोडत गेले तर छोटे गुणाकार ५९,०४९ इतके कमी होतात. पण बेरजा धरून एकूण आकडा ५ लाख २३ हजारांवर जातो. १६ घरांवर थांबले तर गुणाकार तिपटीहून जास्त, तरीही एकूण क्रिया २ लाख ७२ हजार! ३२ वर थांबले तर ३ लाख ३ हजार, ६४ वर ३ लाख ६५ हजार. सर्वांत कमी गुणाकार करणारी वाट जवळजवळ दुप्पट महाग पडते. कटऑफ थोडा वर सरकला तर फार बिघडत नाही. तो अगदी तळाला नेला तर मात्र चांगलाच फटका बसतो.

हा झाला कागदावरचा हिशेब. खऱ्या यंत्रात प्रत्येक वेळी तोडताना एक फंक्शन कॉल होतो, मधल्या उत्तरांसाठी मेमरी मागावी लागते आणि परत करावी लागते. १०२४ घरांचे एकेका अंकापर्यंत तुकडे केले तर असे ८८,५७३ कॉल होतात. ३२ वर थांबले तर फक्त ३६४. म्हणून प्रत्यक्षातला कटऑफ कागदावरच्यापेक्षा बहुधा वर असतो, आणि तो सूत्राने काढण्यापेक्षा घड्याळ लावून मोजतात. एका विशिष्ट लांबीच्या संख्या घ्यायच्या, त्या एकदा शाळेच्या रीतीने आणि एकदा फक्त एका पातळीपर्यंत तोडून गुणायच्या. दोन्ही अनेकदा चालवायचे आणि सर्वांत कमी वेळ धरायचा, कारण संगणकावर चाललेल्या इतर कामांमुळे वेळ वाढू शकतो, कमी होत नाही. लांबी वाढवत जायचे. तोडलेला गुणाकार जिथून सातत्याने पुढे राहतो, तिथे कटऑफ.

मोठ्या संख्यांसाठी नावाजलेल्या जीएमपी या ग्रंथालयात तर याच कामासाठी `tuneup` नावाचा स्वतंत्र प्रोग्राम आहे. तो ज्या प्रोसेसरवर चालवाल त्याचे आकडे काढून देतो. तिथला कटऑफ १० घरांइतका खाली येऊ शकतो, पायथनचा ७० आहे, तर जावाच्या `BigInteger` मध्ये ८०. पण हे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत, कारण घरांची मापे वेगळी आहेत. पायथनच्या घरात सहसा ३० बिट मावतात, म्हणजे ७० घरे ही सुमारे ६३२ अंकी संख्या झाली. जावाचे घर ३२ बिटांचे. जीएमपीचे घर आजच्या संगणकांवर सहसा ६४ बिटांचे असते आणि आतला गुणाकार प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत घासूनपुसून लिहिलेला असतो. एका घरात एक अंक ठेवणारा प्रोग्राम पुढे नऊ-नऊ अंक ठेवू लागला, तर कटऑफ पुन्हा मोजायलाच हवा.

पायथनमधली दुसरी ओळही याच हिशेबातून आली आहे. संख्येला तिनेच गुणायचे असेल तर शाळेच्या रीतीत निम्मे गुणाकार जुळे असतात: तिसऱ्या घराचा पाचव्याशी आणि पाचव्याचा तिसऱ्याशी एकच. ते एकदा करून दुप्पट केले की भागते. साधी रीतच जवळजवळ निम्म्या खर्चात होत असल्याने तोडण्याचा फायदा उशिरा सुरू होतो, म्हणून कटऑफ १४०.

आता चुकांकडे. वरच्या उदाहरणात ३१ + ६९ = १०० झाले, म्हणजे दोन अंकी तुकड्यांची बेरीज तीन अंकी. बेरजेसाठी दोनच घरे ठेवली असतील तर हातचा गळतो, १०० चे ०० होते आणि उत्तर येते १,४५,४६,७६३. नवाचा ताळा ही चूक लगेच पकडतो: ४८२७ चा ताळा ३, ३१६९ चा १, म्हणून उत्तराचा ३ यायला हवा, चुकीच्या उत्तराच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे ताळा शून्य.

याच वाढत्या घरामुळे कटऑफला खालची मर्यादाही आहे. दोन अंकी ९९ तोडली की ९ + ९ = १८, पुन्हा दोन अंकीच. ती तोडायला दिली की तितक्याच लांबीचे काम पुन्हा समोर येते आणि रिकर्शन संपण्याची खात्री राहत नाही. तीन अंकी संख्येचेही तेच. म्हणून तीन घरांपर्यंत साधी रीत वापरावीच लागते.

तिसरी चूक नवाच्या ताळ्यालाही चकवते. पाच अंकी संख्या तोडताना खालच्या तुकड्यात दोन अंक ठेवले, तर वरच्या गुणाकारावर चार शून्ये यायला हवीत. ‘संख्या पाच अंकी, म्हणून पाच शून्ये’ असे लिहिले गेले तर सम लांबीच्या सगळ्या चाचण्या पार पडतात आणि विषम लांबीला उत्तर चुकते. शून्ये वाढल्याने अंकांची बेरीज बदलत नाही, त्यामुळे नवाचा ताळा जुळतच राहतो. इथे अकराचा ताळा घ्यावा. त्यात अंक आलटून पालटून अधिक-उणे होतात, एक घर सरकताच चिन्ह पालटते आणि चूक बहुधा उघडी पडते.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे कटऑफ स्वतःच अशा चुका झाकतो. तो ७० असेल तर शंभर-दोनशे अंकी संख्यांच्या कितीही चाचण्या घेतल्या, तरी तोडणाऱ्या भागातली एक ओळही चालत नाही. सगळी उत्तरे साध्या रीतीनेच बरोबर येतात. म्हणून चाचणीपुरता कटऑफ तीन घरांवर आणायचा, एक ते शंभर घरांपर्यंतच्या सम-विषम लांब्यांच्या सगळ्या जोड्या घ्यायच्या, हातचे सर्वांत जास्त यावेत म्हणून निव्वळ नऊंच्या संख्याही घालायच्या आणि प्रत्येक उत्तर शाळेच्या रीतीशी ताडायचे. सगळी जुळली, की मोजून काढलेला आकडा पुन्हा जागेवर ठेवायचा.