एका ‘किंवा’ची चौकशी

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. कथा-कादंबऱ्यांची नव्हे, माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, औषधांबरोबरचे कागद, अशा मजकुराची. लोक विचारतात, अवघड शब्द आला की काय करता? अवघड शब्दांचं फारसं काही नाही, ते कोशात सापडतात. अडतं ते सोप्या शब्दांपाशी. अशाच एका ‘किंवा’ची ही हकीगत.

नव्या औषधाची माणसांवर चाचणी घेतात, तेव्हा भाग घेणाऱ्याला आधी एक संमतीपत्रक देतात. औषध काय आहे, धोका कोणता, कोणी भाग घेऊ नये, हे त्यात लिहिलेलं असतं. वाचून, समजून मग सही करायची. म्हणून ते त्याला कळणाऱ्या भाषेत लागतं. असंच एक सोळा पानी पत्रक एका संस्थेमार्फत माझ्याकडे आलं. पाचव्या पानावर कोणाला भाग घेता येणार नाही याची यादी होती. त्यातली एक ओळ होती : ‘हार्ट डिसीज ऑर किडनी डिसीज रिक्वायरिंग हॉस्पिटलायझेशन इन द पास्ट सिक्स मंथ्स’.

वाचताना काही खटकलं नाही. लिहायला घेतलं आणि हात थांबला. ‘गेल्या सहा महिन्यांत रुग्णालयात दाखल व्हावं लागलं’ ही अट फक्त मूत्रपिंडाच्या विकाराला आहे, की हृदयविकारालाही? इंग्रजीत ही अट वाक्याच्या शेपटाला लटकते. ती एकाची की दोघांची, हे न ठरवताही वाक्य पुरं होतं. मराठीत अशी अट नामाच्या आधी येते. ती ‘हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार’ या सगळ्याच्या आधी ठेवली तर दोघांना लागते. ‘किंवा’च्या पुढे ठेवली तर फक्त मूत्रपिंडाला. मधली जागाच नाही. लेखकानं न ठरवलेली गोष्ट मला ठरवावी लागणार होती.

यानं फरक काय पडतो? साठीचे एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. चार वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला, रोज गोळी चालू आहे, पण त्यानंतर रुग्णालयाची पायरी चढावी लागलेली नाही. एका अर्थानं त्यांना या चाचणीत प्रवेशच नाही. दुसऱ्या अर्थानं ते खुशाल सही करू शकतात. ते औषध हृदयाला घातक असेल, तर माझ्या अंदाजानं त्यांचं काय होईल?

तरी लगेच विचारायला धावू नये. पुष्कळदा उत्तर त्याच कागदात दुसरीकडे असतं. मी सोळाही पानं चाळली. दुसऱ्या पानावरच्या सारांशात ‘गंभीर हृदयविकार’ असे शब्द होते. त्यानं गोंधळ वाढला. गंभीर म्हणजे रुग्णालयात जाण्याइतका, की आणखी कसा? आता विचारणं भाग होतं.

विचारण्याचीही एक रीत आहे. ती मी चुकून शिकले. सुरुवातीच्या काळात मी लिहीत असे : ‘अमुक वाक्य संदिग्ध आहे, कृपया खुलासा करावा.’ उत्तर यायचं : ‘जसं आहे तसंच भाषांतर करा.’ त्यांचंही बरोबरच होतं. लिहिणाऱ्याच्या मनात एकच अर्थ असतो, त्यामुळे त्याला दुसरा दिसतच नाही. तो आपण दाखवावा लागतो. तोही त्याच्या भाषेत, कारण त्याला मराठी येत नसतं.

म्हणून या वेळी मी पान आणि ओळ देऊन मूळ वाक्य जसंच्या तसं उतरवलं. खाली दोन अर्थ सुटसुटीत इंग्रजीत लिहिले. ‘अ’ : कोणताही हृदयविकार असलेल्यांना मनाई, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र गेल्या सहा महिन्यांत दाखल व्हावं लागलं असेल तरच मनाई. ‘ब’ : दोन्ही विकारांत दाखल व्हावं लागलं असेल तरच मनाई. मग त्या साठीच्या गृहस्थांचं उदाहरण दिलं : यांना घ्यायचं की नाही? दुसऱ्या पानावरची विसंगतीही दाखवली. हे चाचणीचा आराखडा करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं, अशी विनंती केली, कारण मधल्या संस्थेतल्या समन्वयक बाईंनी भिडेखातर काहीतरी सांगितलं असतं. आणि गुरुवारपर्यंत उत्तर हवं, तोवर बाकीचं काम चालू ठेवते, असंही कळवलं.

उत्तर बुधवारी आलं : ‘अ’. पण सोबत मी न विचारलेली एक गोष्ट होती. सहा महिने सहीच्या दिवसापासून मागे मोजायचे. हे इंग्रजीत कुठेच नव्हतं. मला कळलं म्हणून मराठीत परस्पर घालावं का? घालू नये. अशा पत्रकाचं मराठी बहुधा दुसरा भाषांतरकार पुन्हा इंग्रजीत करतो आणि ते मुळाशी ताडून पाहतात. तिथे ‘सहीचा दिवस’ आगंतुक म्हणून निघाला असता. मी तसं कळवलं. त्यांनी इंग्रजीच दुरुस्त केलं, सारांशातला ‘गंभीर’ही काढला. मग मी एका वाक्याची दोन केली : ‘तुम्हाला कोणताही हृदयविकार असेल, तर या चाचणीत भाग घेता येणार नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल आणि सही करण्याच्या दिवसाआधीच्या सहा महिन्यांत त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल, तरीही भाग घेता येणार नाही.’

आता नोंदीचं. भाषांतरसेवांसाठी २०१५ साली ‘आयएसओ १७१००’ हे मानक आलं. शंका असेल तर भाषांतरकारानं ती विचारलीच पाहिजे, असं ते सांगतं. पण मला नोंदीची सवय मानकानं नव्हे, फजितीनं लागली. एका पंपाच्या पुस्तिकेतली अशीच शंका मी फोनवर विचारली, उत्तर मिळालं, लिहून मोकळी झाले. आठ महिन्यांनी सुधारित आवृत्ती आली. तेच वाक्य, तीच शंका, आणि काय ठरलं होतं ते आठवेना. मी दुसरा अर्थ लिहिला. दोन्ही पुस्तिका बाजारात. फोनवर बोलणाऱ्या गृहस्थांनी नोकरी सोडलेली, आणि माझ्याकडे चिटोरासुद्धा नाही.

तेव्हापासून प्रत्येक कामाला एक तक्ता असतो. मूळ वाक्य, पान, दोन अर्थ, कोणी कोणत्या तारखेला काय उत्तर दिलं, त्यावरून मी लिहिलेलं मराठी, आणि तेच वाक्य आणखी कुठे आलंय. ही शेवटची रकाना लोक टाळतात, पण या पत्रकात तीच ओळ बाराव्या पानावर डॉक्टरांसाठीच्या तपासणी-यादीत पुन्हा होती. उत्तर फोनवर आलं तर मी त्याच दिवशी ई-मेल करते : ‘आपल्या बोलण्यानुसार मी असं धरते आहे.’ उत्तर आलंच नाही, तर धरलेला अर्थ आणि तो का धरला, हे काम पोचवताना वेगळ्या कागदावर वरच लिहून देते. पत्रकाच्या मजकुरात कंस घालत नाही. धोक्याच्या सूचनेत मात्र धरून चालत नाही. ती ओळ मी रिकामी ठेवून परत पाठवलेली आहे.

करारांमध्ये कधी उत्तर येतं, ‘हे मुद्दामच मोघम ठेवलंय.’ तेही मी तारखेसह तक्त्यात टाकते, आणि मग मराठीत तितकंच मोघम वाक्य जुळवत बसते. स्पष्ट लिहिण्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागतो.

त्या संमतीपत्रकाचा तक्ता समन्वयक बाईंनी हिंदी आणि गुजरातीच्या भाषांतरकारांनाही पाठवला. हिंदीचं काम तोवर पुरं झालं होतं. त्यात ‘ब’ होतं.